पार्टीच्या हातात गेलेलं बिल

*मी उद्यमबागेतल्या एका मशीन शॉपमध्ये हिशेब बघते. डिसेंबरमध्ये आम्ही महाराष्ट्रातल्या शिरोलीच्या एका कंपनीला कास्टिंगचे ४०० नग पाठवले. त्या कंपनीचं बेळगावातही युनिट आहे आणि टॅलीत दोन्ही नावं एकाखाली एक येतात. माझ्याकडून बिल बेळगाव युनिटच्या नावावर झालं, कर्नाटकातला जीएसटी लावून. ११ जानेवारीला रिटर्नही गेलं. आता शिरोलीवाले म्हणतात, बिल आमच्या २बी मध्ये, म्हणजे पोर्टलवरच्या आमच्या क्रेडिटच्या यादीत, दिसत नाही, पैसे सोडता येणार नाहीत. मालक म्हणतात, 'बेरीज तीच आहे ना? टॅलीत बिल उघड, पार्टी बदल, प्रिंट काढून पाठव. पाच मिनिटांचं काम.' सीएंच्या ऑफिसमधला मुलगा म्हणतो, अमेंडमेंट करू. मी काय करू?*
*— एक वाचक, अनगोळ*

ताई, ते बिल उघडू नका. पार्टी बदलू नका, तारीख बदलू नका, रद्दही करू नका. ते चुकलं आहे तसंच राहू द्या. त्याच्यासमोर त्याच बेळगाव युनिटच्या नावाने पूर्ण रकमेची क्रेडिट नोट काढा आणि शिरोलीच्या नावाने नव्या नंबरचं, आजच्या तारखेचं बिल करा. मात्र त्याआधी एक कागद बघायचा आहे. तो बघितल्याशिवाय हेही करू नका.

तो कागद म्हणजे परचेस ऑर्डर. ऑर्डर कोणी दिली होती, शिरोलीने की बेळगावने? हे विचारण्याचं कारण असं, की माल शिरोलीला उतरला एवढ्यावरून बिल चुकलं असं ठरत नाही. कधीकधी ऑर्डर बेळगाव युनिट देतं आणि 'माल परस्पर शिरोलीला टाका' असं सांगतं. अशा वेळी कायद्याच्या नजरेत तुमचा माल बेळगाव युनिटलाच विकला गेला. पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक धरायचं आणि कर्नाटकातला कर लावलेलं तुमचं बिल बरोबर. पुढे बेळगाव युनिटने शिरोली युनिटला आपलं बिल करायचं, तो त्यांच्या घरातला व्यवहार. मालाच्या गाडीबरोबर बिलही शिरोलीला गेलं आणि तिथल्या अकाउंट्सने 'आमच्या नावावर हवं' म्हटलं, म्हणून बरोबर असलेलं बिल फिरवून बसलेले लोक मी पाहिले आहेत. तेव्हा ऑर्डरच्या कागदावर 'बिल टू' खाली कोणता पत्ता आणि कोणता जीएसटी नंबर आहे ते वाचा. सुरुवातीचे दोन आकडे २७ असतील तर महाराष्ट्र, २९ असतील तर कर्नाटक.

तुमच्या पत्रावरून ऑर्डर शिरोलीचीच दिसते. तसंच असेल असं धरून पुढचं लिहितो.

आधी मालकांच्या प्रश्नाचं उत्तर देऊ, कारण त्यांचा प्रश्न वरवर रास्त आहे. समजायला सोपं जावं म्हणून आकडे घेतो, तुमचे खरे आकडे त्या जागी घाला. ४०० नग, दर ३५८ रुपये, म्हणजे माल १,४३,२०० रुपयांचा. १८ टक्के कर २५,७७६ रुपये. एकूण बिल १,६८,९७६. बेळगावच्या नावावर बिल केलं तेव्हा तुम्ही १२,८८८ रुपये सीजीएसटी आणि १२,८८८ रुपये एसजीएसटी लावला. शिरोलीच्या नावावर केलं असतं तर सगळे २५,७७६ रुपये आयजीएसटी म्हणून लागले असते. बेरीज खरंच तीच आहे.

पण पैसा कुठे जातो ते वेगळं आहे. एसजीएसटीचे १२,८८८ रुपये कर्नाटकाच्या तिजोरीत गेले. माल महाराष्ट्रात वापरला जाणार असेल तर राज्याच्या वाट्याचा कर महाराष्ट्राला मिळायला हवा, आणि तो आयजीएसटीच्या वाटेने तिकडे पोहोचतो. शिरोली युनिटला कर्नाटकाच्या एसजीएसटीचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, घेता येत नाही. शिवाय बेळगाव युनिट आणि शिरोली युनिट एकाच कंपनीची असली, त्यांचा पॅन एकच असला, तरी जीएसटीत त्या दोन वेगळ्या व्यक्ती धरल्या जातात. तुम्ही २९ च्या खात्यात टाकलेलं बिल २७ ला कधीच दिसणार नाही. शिरोलीवाले अडवणूक करत नाहीयेत. २बी मध्ये नसलेल्या बिलाचं क्रेडिट त्यांना घेता येत नाही आणि २५,७७६ रुपयांचा भुर्दंड ते का सोसतील?

आता टॅलीत बिल उघडून पार्टी बदललीत तर काय होईल ते सांगतो. तुमच्या कॉम्प्युटरवर सगळं नीट दिसेल. पण त्या बिलाचे तुकडे बाहेर किती ठिकाणी पडले आहेत ते आठवा. मालाच्या बिलाच्या तीन प्रती निघतात. मूळ प्रत पार्टीकडे गेली, दुसरी गाडीवाल्याकडे, तिसरी तुमच्या फाइलमध्ये. शिरोलीच्या गेटवर आवक नोंदवताना त्या प्रतीवर शिक्का बसला, तारीख आणि वेळ पडली. स्टोअरने त्याच नंबरवर जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, केला. माल पन्नास हजारांच्या वरचा, म्हणजे ई-वे बिल निघालं असणार, त्यातही तोच नंबर आहे. आणि पोर्टलवर डिसेंबरच्या जीएसटीआर-१ मध्ये तो नंबर २९ च्या नावाने कायमचा बसला आहे. यातलं काहीही तुमच्या टॅलीबरोबर बदलत नाही. एकाच नंबरची दोन बिलं जगात तयार होतात, एक बेळगावच्या नावाचं आणि एक शिरोलीच्या. नियम ४६ प्रमाणे बिलाचा नंबर त्या आर्थिक वर्षात एकमेव असायला हवा.

यात शिरोलीचा प्रश्नही सुटत नाही. बदललेलं बिल डिसेंबरच्याच तारखेचं राहतं. डिसेंबरचं रिटर्न गेलेलं आहे, जानेवारीचं रिटर्न टॅलीतून काढाल तेव्हा डिसेंबरच्या तारखेचं बिल त्यात येणार नाही. त्यांच्या २बी मध्ये ते पुढच्या महिन्यातही दिसणार नाही आणि तुम्ही पुन्हा फोनवर तेच उत्तर देत बसाल. ही गडबड खऱ्या अर्थाने वर येते ती वार्षिक रिटर्नच्या वेळी. तेव्हा पुस्तकात सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी १२,८८८ ने कमी दिसतो, पोर्टलवर जास्त, आयजीएसटीचं उलटं. तोवर दहा-अकरा महिने गेलेले असतात आणि फरक कशामुळे आला हे कोणालाही आठवत नाही, कारण मूळ बिल टॅलीत उरलेलंच नसतं. ज्याने खुलासा झाला असता तोच कागद आपण पुसलेला असतो.

तुमची फर्म प्रायव्हेट लिमिटेड असेल तर आणखी एक गोष्ट आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद राहते आणि ती नोंद बंद करता येत नाही. बिल कोणी, कधी उघडलं आणि आधी काय होतं ते ऑडिटरला दिसतं. मालकी किंवा भागीदारीच्या फर्मला हा नियम नाही, पण नंबर एकच आणि बिलं दोन हा घोळ त्यांनाही तितकाच नडतो.

सीएंच्या ऑफिसमधल्या मुलाचं म्हणणं वेगळं आहे, ते उडवून लावण्यासारखं नाही. जीएसटीआर-१ मध्ये आधीच्या महिन्याचं बिल दुरुस्त करायला जागा आहे, तक्ता ९अ. पण ती जागा रिटर्न दुरुस्त करण्यासाठी आहे. छापलेलं बिल शिरोलीच्या नावाचं, आयजीएसटी लावलेलं असतं आणि पोर्टलवर चढवताना फक्त जीएसटी नंबर चुकला असता, तर अमेंडमेंटच बरोबर ठरली असती, क्रेडिट नोटची गरज नव्हती. तुमच्या बाबतीत कागदच चुकला आहे. कागदावर सीजीएसटी आणि एसजीएसटी लिहिलाय, नाव बेळगाव युनिटचं आहे. रिटर्न दुरुस्त करून पोर्टलवर आयजीएसटी दाखवला तर शिरोलीवाल्यांकडे त्या क्रेडिटला आधार देणारं बिलच नसेल. म्हणून आधी विचारायचं ते एवढंच, की चूक कागदावर आहे की फक्त रिटर्नमध्ये. ते ठरलं की कोणता रस्ता घ्यायचा तेही ठरतं.

आता कामाला लागू.

पहिला फोन बेळगाव युनिटच्या अकाउंट्सला करा, शिरोलीला नंतर. त्यांना विचारा, आमच्या डिसेंबरच्या या नंबरच्या बिलाचं क्रेडिट तुम्ही घेतलंय का? त्यांच्या डिसेंबरच्या २बी मध्ये ते आलेलं आहे, त्यामुळे २० जानेवारीच्या ३बी रिटर्नमध्ये कोणी न बघता घेतलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. घेतलं असेल तर त्यांना ते परत करावं लागेल. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे. सीजीएसटी कायद्याच्या कलम ३४ मध्ये २०२५ च्या वित्त कायद्याने केलेल्या बदलानंतर, खरेदीदाराने क्रेडिट घेतलेलं असेल आणि ते परत केलेलं नसेल, तर तुम्हाला क्रेडिट नोटचा कर कमी करून घेता येत नाही. शिवाय क्रेडिट नोट त्यांच्या आयएमएसच्या, म्हणजे पोर्टलवर बिलं आणि नोटा स्वीकारायच्या किंवा नाकारायच्या, पडद्यावर जाऊन थांबते आणि तिथे त्यांनी ती नाकारली, तर तेवढा कर पुढच्या ३बी मध्ये तुमच्याच डोक्यावर परत येतो. ओळख नसलेली क्रेडिट नोट अचानक दिसली की एखादा कारकून ती नाकारून मोकळा होतो, त्यात त्याचा दोष नाही. म्हणून फोन आधी, आणि फोननंतर त्यांच्याकडून एका ओळीचा ईमेल घ्या: क्रेडिट घेतलं होतं आणि परत करत आहोत, किंवा घेतलंच नव्हतं.

मग क्रेडिट नोट. टॅली प्राइममध्ये `Alt+F6`. पार्टी तीच चुकलेली, बेळगाव युनिट, जीएसटी नंबर २९ चा. इथे बहुतेक जण घसरतात. हात आपसूक बरोबर नावाकडे जातो, 'आता तरी शिरोली टाकू' असं वाटतं. तसं करू नका. क्रेडिट नोट चुकलेल्या बिलाचं तंतोतंत उलट रूप असायला हवी. बिलात जे नाव, तेच नाव. पुरवठ्याचं ठिकाण कर्नाटक होतं तर नोटमध्येही कर्नाटक. सीजीएसटी १२,८८८ आणि एसजीएसटी १२,८८८, आयजीएसटी शून्य. दुरुस्तीची जागा नवं बिल आहे, क्रेडिट नोट नाही. शिरोलीच्या नावाने क्रेडिट नोट काढलीत तर ज्या पार्टीला तुम्ही कधी बिलच केलेलं नाही तिला तुम्ही क्रेडिट दिल्यासारखं होईल आणि बेळगावच्या नावावरचं बिल तसंच लोंबकळत राहील.

नोटला स्वतःचा नंबर द्या, बिलांच्या मालिकेपेक्षा वेगळा, रेषा आणि तिरप्या रेघा धरून १६ अक्षरांच्या आत. तारीख आजची. मागची तारीख टाकून डिसेंबरमध्ये घुसवायचा प्रयत्न करू नका, त्या महिन्याचं दार बंद झालेलं आहे. मूळ बिलाचा नंबर आणि तारीख नोटवर लिहिणं नियम ५३ प्रमाणे आवश्यक आहे. टॅली ते विचारतं, तिथे रिकामं सोडू नका. कारण विचारेल तिथे `05-Change in POS` निवडा, कारण इथे पुरवठ्याचं ठिकाणच बदलतंय. सही आणि शिक्का करून मूळ प्रत बेळगाव युनिटला पोहोचवा.

त्यानंतर नवं बिल, `F8`. पार्टी शिरोली, २७ चा नंबर, आयजीएसटी २५,७७६, एकूण १,६८,९७६. बिलाचा नंबर तुमच्या मालिकेतला पुढचा, तारीख आजची. नग, दर, मालाचं वर्णन, परचेस ऑर्डरचा नंबर, सगळं जुन्या बिलाप्रमाणे. आणि खाली शेऱ्यात ठळक अक्षरांत असं काहीतरी लिहा: 'हे बिल आमच्या दि. १८ डिसेंबर २०२५ च्या बिल क्र. २१४ ऐवजी दिले आहे. माल त्याच तारखेला, त्याच बिलासोबत पोहोचला आहे. नवीन माल पाठवलेला नाही.' त्यापुढे क्रेडिट नोटचा आणि जुन्या ई-वे बिलाचा नंबरही द्या. तुमच्याकडे बिलं इंग्रजीत छापत असाल तर हेच इंग्रजीत लिहा.

हा शेरा मला या सगळ्या कामातला सर्वांत मोलाचा वाटतो. समोर काय होतं बघा. शिरोलीच्या स्टोअरमधल्या माणसाला नव्या नंबरचं बिल मिळतं. त्याच्या रजिस्टरला हा नंबर नाही, म्हणून तो दुसरा जीआरएन करतो. आता त्यांच्या पुस्तकात ४०० च्या जागी ८०० नग जमा. मार्चअखेरीस माल मोजताना ४०० नग कमी भरतात आणि बोट तुमच्याकडे वळतं, 'माल कमी पाठवला.' किंवा दोन्ही बिलं पास होऊन दोनदा पैसे येतात आणि नंतर वसुलीची पत्रं सुरू होतात. जुन्या बिलाच्या गेट शिक्क्याची झेरॉक्स नव्या बिलाला टाचून पाठवलीत तर त्यांचा माणूस जुना जीआरएन शोधून त्याच्यावरच नव्या बिलाचा नंबर लिहील. त्यांच्या अकाउंट्सलाही फोनवर स्पष्ट सांगा, नवा जीआरएन नको.

नव्या बिलासाठी नवं ई-वे बिल काढायचं नाही. गाडी कुठेही हललेली नाही. जुनं ई-वे बिल २४ तासांनंतर रद्द होत नाही आणि त्याची गरजही नाही, माल त्याच्यासोबत पोहोचला तो पोहोचला.

रिटर्नमध्ये काय होईल ते सांगतो म्हणजे तपासता येईल. जानेवारीच्या जीएसटीआर-१ मध्ये, जे ११ फेब्रुवारीपर्यंत जाईल, क्रेडिट नोट तक्ता ९ब मध्ये दिसेल आणि नवं बिल तक्ता ४अ मध्ये. दोन्ही एकाच महिन्यात जाऊ द्या. क्रेडिट नोट जानेवारीत आणि बिल फेब्रुवारीत असं केलं तर मधल्या काळात तो माल तुमच्या रिटर्नमधून गायब झाल्यासारखा दिसतो. ३बी मध्ये सीजीएसटी आणि एसजीएसटीची देणी प्रत्येकी १२,८८८ ने कमी होतील, आयजीएसटीची २५,७७६ ने वाढेल. मालकांना इथे धडकी भरेल की एवढा कर पुन्हा रोख भरायचा का. खरेदीवरचं तुमचं सीजीएसटी आणि एसजीएसटीचं क्रेडिट शिल्लक असेल तर ते आयजीएसटी भरायला वापरता येतं, आधी सीजीएसटीचं आणि ते संपल्यावर एसजीएसटीचं. म्हणजे बहुधा खिशातून वेगळं काही जाणार नाही. फक्त जानेवारीत कर्नाटकातली तुमची विक्री फारच कमी असेल तर तिथला आकडा उण्यात जाऊ शकतो. तसं दिसलं तर रिटर्न भरण्याआधी सीएंना दाखवा.

व्याजाचीही भीती नको. राज्यातली विक्री समजून सीजीएसटी-एसजीएसटी भरला आणि नंतर ती आंतरराज्य निघाली, तर आयजीएसटीवर व्याज लागत नाही, असं आयजीएसटी कायद्याचं कलम १९ सांगतं. चूक अधिकाऱ्याने पकडली पाहिजे असंही नाही, तुम्ही स्वतः ओळखली तरी चालते, हे सप्टेंबर २०२१ च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. त्याच परिपत्रकातली दुसरी बाजूही माहीत असू द्या. अशा चुकीसाठी एक वेगळी वाट आहे, बरोबर कर भरायचा आणि चुकीचा भरलेला कर परत मागायचा. पण क्रेडिट नोट काढून कर वजा केलात की परताव्याची ती वाट बंद होते. दोन्हींपैकी एकच. माझ्या मते तुमच्यासारख्या ताज्या चुकीला क्रेडिट नोटच बरी, परताव्याच्या अर्जामागे महिने जातात. परताव्याची वाट ठेवायची ती मुदत टळलेल्या प्रकरणांसाठी.

ती मुदत म्हणजे, ज्या आर्थिक वर्षात माल गेला त्याच्या पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरेपर्यंत, यात जे आधी येईल ते. तुमचा माल २०२५-२६ मधला, म्हणजे ३० नोव्हेंबर २०२६. त्यानंतर काढलेल्या क्रेडिट नोटने पार्टीचा हिशेब मिटतो, पण कर कमी होत नाही. वेळ पुष्कळ आहे. पण जानेवारी संपायच्या आत केलंत तर शिरोलीला बिल १४ फेब्रुवारीच्या २बी मध्येच दिसेल आणि पैसे तिथेच मोकळे होतील.

पैशांवरून आठवलं. नव्या बिलावर नवी तारीख पडली की शिरोलीचं अकाउंट्स देण्याची मुदत पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतं. तुमची फर्म सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यममध्ये नोंदलेली असेल तर हे मान्य करू नका. एमएसएमई कायद्यात मुदत माल स्वीकारल्यापासून मोजतात, बिलाच्या तारखेपासून नाही. लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर जाता येत नाही, करार नसेल तर १५ दिवस. नव्या बिलावर 'देय तारीख माल पोहोचल्यापासून' अशी एक ओळ टाका. बिल चुकलं ते तुमच्याकडून, त्यामुळे थोडं सबुरीने घ्यावं लागेल हे खरं, पण पूर्ण दीड महिना पुन्हा देऊन टाकायचं कारण नाही.

हे सगळं झाल्यावर टॅलीत दोन लेजर बघा. बेळगाव युनिटच्या लेजरमध्ये डिसेंबरचं बिल आणि जानेवारीची क्रेडिट नोट समोरासमोर येऊन या व्यवहाराची बाकी शून्य दिसली पाहिजे. शिरोलीच्या लेजरमध्ये १,६८,९७६ येणे दिसले पाहिजेत. शिरोलीने आधीच काही आगाऊ रक्कम पाठवली असेल आणि ती बेळगावच्या लेजरला जमा झाली असेल, तर बाकी शून्य येणार नाही. तेवढी जर्नल करून शिरोलीकडे वळवा. १४ फेब्रुवारीनंतर दोन्ही युनिटना एकेक फोन करून विचारा, बेळगावच्या २बी मध्ये क्रेडिट नोट आली का आणि शिरोलीच्या २बी मध्ये बिल आलं का. दोन्हीकडून हो आलं की प्रकरण संपलं.

इतर वाचकांसाठी दोन गोष्टी थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येक चुकीला पूर्ण बिल उलटवावं लागत नाही. पार्टी बरोबर, कर बरोबर आणि फक्त दर जास्त लागला असेल, समजा ३५८ च्या जागी ३८५, तर फरकाचीच क्रेडिट नोट पुरते. नगामागे २७ रुपये, ४०० नगांचे १०,८०० आणि त्यावर १८ टक्क्यांनी १,९४४ कर, एकूण १२,७४४ ची नोट. मूळ बिल जिवंत राहतं, नवं बिल लागत नाही. दर कमी लागला असेल तर त्याच पद्धतीने फरकाची डेबिट नोट. बिल उलटवून नवं करायचं ते पार्टी, जीएसटी नंबर किंवा कराचा प्रकार चुकला तरच.

दुसरी गोष्ट, चूक लवकर सापडली तर. बिल छापलं, पण गाडी अजून शेडमध्येच उभी आहे, पार्टीला काही गेलेलं नाही आणि रिटर्नही गेलेलं नाही, तर बिल रद्द करता येतं. पण रद्द म्हणजे खोडून टाकणं नव्हे. तिन्ही प्रतींवर 'रद्द' लिहून त्या फाइलला लावा, तो नंबर पुन्हा वापरू नका आणि जीएसटीआर-१ च्या तक्ता १३ मध्ये रद्द बिलांत तो मोजा. पाच कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस लागतं. त्यांना पोर्टलवर रद्द करायला २४ तास असतात, तेही त्यावरचं ई-वे बिल चालू नसेल तर. २४ तास उलटले की त्यांनाही क्रेडिट नोटच, आणि त्या क्रेडिट नोटलाही आयआरएन, म्हणजे ई-इनव्हॉइस पोर्टलचा नंबर, घ्यावा लागतो.

तुमच्या टॅलीतल्या दोन एकसारख्या नावांचं आजच काहीतरी करा. लेजरच्या नावाच्या सुरुवातीलाच राज्याचा आकडा टाका, '२७ शिरोली' आणि '२९ बेळगाव', मग कंपनीचं नाव. बिलावर छापायचं नाव टॅलीत वेगळ्या रकान्यात असतं, ते कंपनीचं आहे तसंच ठेवा, म्हणजे पार्टीला काही फरक दिसणार नाही. आपल्या पट्ट्यात कोल्हापूर, गडहिंग्लज, चंदगडकडे शाखा असलेल्या पार्ट्या सगळ्यांकडेच असतात. जिथे जिथे अशी जोडनावं असतील तिथे हेच करून घ्या आणि बिल छापण्याआधी ऑर्डरवरचे पहिले दोन आकडे पडद्यावरच्या दोन आकड्यांशी ताडून बघा.